फेरीबोटीतून औदुंबराकडे

*बाई, मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात नववीला मराठी शिकवते. कविता काढली की मुलं माना खाली घालतात, म्हणून यंदा त्यांच्या आवडीच्या गाण्यांपासून सुरुवात केली. दोन तास वर्ग नुसता उसळत होता. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, सगळं पटापट सापडलं. तिसऱ्या दिवशी बालकवींची 'औदुंबर' काढली आणि पुन्हा सगळे गप्प. एक मुलगी म्हणाली, "टीचर, ह्यात काहीच नाही." मग गाण्यांवर घालवलेले तास फुकटच गेले का?*
*– एक शिक्षिका, डिचोली तालुका*

नमस्कार.

आधी त्या मुलीला शाबासकी द्या. तिला जे शोधायला शिकवलं होतं ते तिने शोधलं, सापडलं नाही, आणि तसं तिने सांगितलं. दोन दिवस वर्गात एकच खेळ चालला होता: कशाला काय म्हटलंय ते पकडा. चेहऱ्याला चंद्र म्हटलंय, पकडलं. मनाला पाखरू म्हटलंय, पकडलं. आणि मग तुम्ही तिच्यापुढे अशी कविता ठेवलीत, जिच्या आठ ओळींत कशालाही काहीही म्हटलेलं नाही. झरा झराच आहे, गाव गावच आहे, पायवाट पांढरी आहे ती खरोखरच पांढरी. शेवटच्या ओळीत झाड पाय टाकून बसतं, तेवढं एक हाताला लागलं असतं, पण तिथवर पोचायच्या आत तिने हात टेकले.

गाण्यांचे तास फुकट गेले नाहीत. पण गाणं आणि 'औदुंबर' यांच्यामध्ये एक पायरी गाळली गेली, आणि ती गाळली गेली कारण आपण अलंकार आणि प्रतिमा यांची गाठ मारून टाकतो. उपमा, रूपक अशा अलंकारांत दोन वस्तू असतात, उपमेय आणि उपमान. प्रतिमेला एकच वस्तू पुरते. डोळ्यांना दिसेल, कानाला ऐकू येईल अशी ती समोर ठेवली की काम झालं. लोकप्रिय गाणी बहुतेक वेळा दोन्ही वस्तू सांगून टाकतात, कारण गाणं एकदा कानावरून गेलं की ऐकणाऱ्याला थांबून विचार करायला सवड नसते. कवितेला तशी घाई नसते. ती उपमेय लपवू शकते. कधी कधी तुलनाच करत नाही, नुसतं दाखवते.

म्हणून मी तीन पायऱ्या करते. आधी असं गाणं, ज्यात दोन्ही बाजू सांगितलेल्या आहेत. मग अशी रचना, जिच्यात एकच बाजू आहे आणि दुसरी लपलेली आहे. शेवटी 'औदुंबर'. सगळे मिळून सहा तास लागतात, त्यातले गाण्याला दोनच.

गाणं मुलांनी आणलेलंच घ्या. माझी पहिली चूक इथेच झाली होती. फोंड्याकडच्या एका शाळेत शिकवत असताना मी मोठ्या हौसेने माझ्या कॉलेजच्या काळातलं भावगीत घेऊन गेले. मुलांनी ते अत्यंत आदराने ऐकलं. आदराने! त्यांच्यासाठी ती आणखी एक पाठ्यपुस्तकातली कविताच होती, फरक इतकाच की टीचर ती म्हणताना डोळे मिटत होत्या. दुसऱ्या वर्षी मुलांचं गाणं घेतलं आणि पहिल्याच तासाला ते किती पोकळ आहे ते सिद्ध करून दाखवलं. ज्या मुलाने ते आणलं होतं, तो पुढे आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आणि बरोबरच होतं त्याचं.

गाणं मराठी असो, कोंकणी असो, हिंदी असो, माझी हरकत नसते. मोबाईलवर शब्द शोधून आणू नका म्हणते, कारण ते चुकीचे असतात आणि शिवाय आयते मिळतात. दोघांनी मिळून घरी ऐकायचं आणि फक्त ध्रुवपद नि एक-दोन कडवी हाताने लिहून आणायची. दोघांना वेगळं ऐकू आलं तर दोन्ही पाठ लिहायचे. चुकीच्या ऐकण्यावरून जी चर्चा होते, तिच्यात मुलं नकळत शब्दावर बोट ठेवायला लागतात.

आता प्रत्यक्ष तास दाखवते. सध्या गाजणारं एखादं गाणं इथे घेतलं तर हे सदर छापून येईस्तोवर ते शिळं होईल, म्हणून त्याच साच्यातलं एक मीच जुळवलंय. चालीची अपेक्षा ठेवू नका.

तू गेलीस नि मागे उरला पाऊस,
छत्रीच्या आत माझ्या एकटाच पाऊस.

चेहरा तुझा चंद्र, डोळे तुझे तारे,
तुझ्याविना सुने सुने झाले जग सारे.

मन माझं फेरीबोट, दोन्ही धक्के तुझे,
चढती, उतरती सारे, कोणी नाही माझे.

पहिलं काम चाल काढून टाकायचं. एका मुलाने हे बातम्या वाचल्यासारखं सपाट वाचायचं. वर्ग हसतो, हसू द्या. गाण्यात दुःखाचं निम्मं काम चाल करते, आणि ती बाजूला केली की कुठला शब्द स्वतःच्या पायावर उभा आहे नि कुठला चालीच्या खांद्यावर बसून आलाय ते कानालाच कळतं. तुम्ही काही सांगायची गरज पडत नाही.

मग अदलाबदल. 'हा कोणता अलंकार?' हे अजून विचारायचं नाही. विचारायचं ते असं: चंद्राच्या जागी दुसरं काही घालून बघा. मुलं 'सूर्य' घालतात, 'दिवा' घालतात, कोणीतरी 'ट्यूबलाईट' म्हणतोच. ट्यूबलाईट सोडली तर ओळीचं काही बिघडत नाही. चंद्र गेला नि दिवा आला, तरी ती मुलगी आपली गोरीच. म्हणजे चंद्र तिथे होता खरा, पण काही करत नव्हता. इथे मी 'ही ओळ वाईट आहे' म्हणत नाही. 'इथे चंद्राला किती काम दिलंय?' एवढंच विचारते. मुलं स्वतःच सांगतात, "काहीच नाही, टीचर, रजेवर आहे."

आता फेरीबोट काढा आणि 'होडी' घाला. नंतर 'बस' घाला. इथे वर्ग भांडायला लागतो, कारण चोडण बेटाची फेरीबोट त्यांच्यातल्या निम्म्यांच्या पायाखालची आहे. होडी कुठेही जाऊ शकते, समुद्रातसुद्धा. बस मधल्या थांब्यांवर थांबते. फेरीबोट मात्र त्याच दोन धक्क्यांमध्ये दिवसभर फिरते, इंजिन चालू असतं, पाणी कापलं जातं, आणि संध्याकाळी ती असते तिथेच. म्हणून 'दोन्ही धक्के तुझे' या तीन शब्दांना वजन येतं. इकडून सुटला तरी तीच, तिकडे पोचला तरी तीच. होडीला ही ओळ लावलीत तर ती बुडेल.

एवढं झाल्यावर फळ्यावर फेरीबोटीचे सगळे गुण लिहायला सांगा, ओळीत नसलेलेही. लोखंडी असते. गंजते. संथ चालते. गाड्या नेते. चालत येणाऱ्याला तिकीट नसतं. ही यादी झाली की प्रत्येक गुणाला एकच प्रश्न: हा मनाला लागू पडतो का, आणि पडत असेल तर ओळीतला कुठला शब्द साक्ष देतो?

एका वर्षी असाच खेळ चालू असताना एक मुलगा म्हणाला होता, "चालत येणाऱ्याला तिकीट नाही म्हणजे त्याच्या मनात कोणीही फुकट चढतं." सगळे हसले. मी विचारलं, साक्ष कुठे आहे? तो म्हणाला, "'चढती, उतरती सारे'. सारे म्हटलंय." मान्य. लगेच दुसरा उठला, "फेरीबोट गंजते, म्हणजे त्याचं मन गंजलंय." साक्ष? त्याने सहाही ओळी दोनदा वाचल्या आणि बसला. गंज फेरीबोटीला असतो, पण या गाण्यात तो कोणी आणलेला नाही. माझ्या मते या दहा मिनिटांत जे शिकून होतं ते रूपकाची व्याख्या पाठ करून होत नाही. उपमानाबरोबर बरंच सामान येतं, त्यातलं काही गाणं उचलतं, काही धक्क्यावरच ठेवतं, आणि कुठलं उचललंय ते सांगायला शब्द दाखवावा लागतो. नाव सांगायचं ते यानंतर. मन आणि फेरीबोट एकच मानलीत, म्हणून रूपक. नाव घ्यायला दोन मिनिटं पुरतात, कारण वस्तू आता हातात आहे. परीक्षेचं कामही त्यात उरकतं.

दुसऱ्या तासाला ध्रुवपद. छत्रीच्या आत पाऊस कसा पडेल? शब्दशः घेतलं तर खोटं ठरणारं वाक्य म्हणजे इथे काहीतरी वेगळं चाललंय याची खूण, हे मुलांना लगेच पटतं. पण मी थांबते ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. गाण्यात ही ओळ तीनदा येते. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा पाऊस म्हणजे फार तर डोळ्यांतलं पाणी. फेरीबोटीचं कडवं झाल्यावर तीच ओळ परत आली, तर तिच्यातल्या कुठल्या शब्दावर आता जोर पडतो? बहुतेक जण 'एकटाच' म्हणतात. सगळे चढले-उतरले, उरला तो पाऊस. शब्द तेच, पण मधल्या कडव्याने त्यांच्यात भर घातली. हे मुलांच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण पुढे लागणार आहे. गाणं स्वतःहून परत येतं. ध्रुवपद परत येतं, आणि अख्खं गाणं तर मुलं पन्नास वेळा ऐकतात. कविता आपण वर्गात एकदा वाचतो आणि लगेच विचारतो, काय कळलं? पन्नास वेळा ऐकलेल्या गाण्याशी एकदा वाचलेल्या कवितेची झुंज लावायची आणि मग मुलांना कविता आवडत नाही म्हणायचं, हा आपलाच अन्याय.

आता गाळलेली पायरी. तिच्यासाठी मी ज्ञानेश्वरांचा 'मोगरा फुलला' घेते. आपल्याकडे गावोगावी भजनं होतात, त्यामुळे मुलांच्या कानाला ही भाषा अगदीच परकी नसते, आणि हा अभंग तर गाणं म्हणूनही घरोघरी पोचलेला आहे. सातशे वर्षांपूर्वीची रचना नि तरीही गाणंच, त्यामुळे 'आता कविता सुरू' असं सांगून वर्गाची हवा काढावी लागत नाही.

मोगरा फुलला मोगरा फुलला
फुले वेचिता बहरू कळियांसी आला

इवलेसे रोप लावियले द्वारी
तयाचा वेलु गेला गगनावेरी

मुलांना विचारा: फेरीबोट म्हणजे मन, हे गाण्याने सांगितलं होतं. इथे मोगरा म्हणजे काय, हे कुठे सांगितलंय? शोधतात, सापडत नाही. मग आधी हे ठरवा की सांगितलेलं नसतानाही तो नुसता मोगरा नाही, असं आपल्याला का वाटतं. कालचीच युक्ती. शब्दशः खोटं काय आहे? दारातलं रोप आभाळापर्यंत जात नाही. म्हणजे दुसरी बाजू आहे, पण पडद्याआड.

इथे एक मोह आवरा. मार्गदर्शक पुस्तकं पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात की मोगरा म्हणजे आत्मज्ञान. तुम्ही ते उच्चारलंत की तास संपला. सगळ्या वह्यांत एकच वाक्य उतरतं आणि मोगऱ्याचा वास जातो. त्याऐवजी कालच्यासारखी यादी करा. वाढणारं काय असतं, जे आधी इवलंसं असतं? वेचलं तरी न संपता उलट वाढतं, असं काय? एका वर्षी मुलांकडून मैत्री आली, अफवा आली (ही मला फार आवडली), शिकलेली विद्या आली, देवावरची श्रद्धा आली. प्रत्येकाला ओळीवर घासून बघायचं. अफवा वाढते, आभाळालाही भिडते, पण ती दारात कोणी लावत नाही आणि फुलं म्हणून वेचत नाही. गळाली. मैत्री बराच वेळ टिकली.

मग पुढची ओळ द्या, जी मुद्दाम राखून ठेवलेली असते: 'मनाचिये गुंती गुंफियेला शेला'. बघा, हळूच एक शब्द सुटला. मनाचिये. रोप कुठल्या दारात लावलं होतं त्याचा पत्ता इथे मिळतो. फुलांचा शेला मनाच्या गुंत्यातून गुंफलाय आणि शेवटी तो विठ्ठलाला अर्पण होतो. आता यादीकडे परत जा. मैत्रीचं काय करायचं? एक मुलगी म्हणाली होती, "विठ्ठलाशी मैत्री म्हटलं तर चालेल." मी तिला चूक म्हटलं नाही. आत्मज्ञान हा शब्द मी त्यानंतर सांगितला, जुन्या अभ्यासकांचा अर्थ म्हणून, आणि मुलांनी तोही ओळीवर घासून पाहिला. या पायरीला दोन तास द्या. घाई केलीत तर पुढे पुन्हा 'ह्यात काहीच नाही' ऐकावं लागेल.

आणि आता तुमची 'औदुंबर'.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयातुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

वाचायच्या आधी कवीची माहिती देऊ नका. बालकवी 1890 मध्ये जन्मले आणि 1918 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेच्या अपघातात गेले. हे आधी कळलं की नववीतली मुलं काळ्या डोहाला लगेच मृत्यू म्हणून मोकळी होतात, आणि बाकीच्या सात ओळी वाचायची गरजच उरत नाही. कविता झाल्यावर सांगा, हवं तर दुसऱ्या दिवशी.

कविता तीनदा वाचायची, तीन वेगवेगळ्या मुलांनी, अर्थाचा एकही प्रश्न मध्ये न घालता. गाणं परत परत येतं ना, तेच. मग प्रश्न अलंकाराचा नाहीच. तुम्ही कुठे उभे आहात, एवढाच. मुलांना वहीत नकाशा काढू द्या: झरा, टेकडी, गाव, मळे, वाट, डोह, झाड, आणि बघणाऱ्याच्या जागी एक फुली. फुली कुठे काढायची यावरून वाद होतोच. त्या वादात त्यांच्या लक्षात येतं की नजर आधी दोन्ही काठांवर पसरली, मग पलीकडच्या टेकडीवर दूर गेली, तिथून शेतांत उतरली, एका अरुंद वाटेने ओढली गेली आणि डोहाच्या काठी येऊन थांबली. पुढे जायला जागाच नाही. नजर जाते कशाच्या मागे, तर वाटेच्या. 'चालली' हा शब्द आपण रोज म्हणतो, ही वाट कुठे चालली, ती कुठे जाते. त्याला अलंकार म्हणायचं मनातही येत नाही इतका तो वापरून गुळगुळीत झालाय. पण इथे ती वाट खरोखरच कुणाला तरी घेऊन चालल्यासारखी वाटते.

मग रंग. क्रमाने लिहून काढायला सांगा. हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, पांढरा, हिरवा, काळा, काळिमा. गाण्यात उदास व्हायची वेळ आली की चाल खाली उतरते. इथे चाल नाही, मग ते काम कोण करतंय? मुलं यादीकडे बघतात आणि कळतं. रंग उतरत गेलेत. एकाही ओळीत 'उदास' शब्द नाही, आणि तरी आपण उजेडातून काळोखात आलो आहोत. तुमच्या त्या मुलीला इथे बोलवा. कशालाही काहीही म्हटलेलं नाही, आणि तरी काहीतरी झालंय.

अदलाबदल विसरू नका, इथे ती सगळ्यात धारदार चालते. 'गोड काळिमा' मधलं 'गोड' काढून 'गूढ' घाला. मात्रा तितक्याच, लय मोडत नाही. बहुतेक वर्ग म्हणतो 'गूढ' जास्त शोभतं. शोभतं, म्हणूनच ते कमी पडतं. काळा डोह गूढ असणार हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्याला गोड म्हटलं की पाऊल अडतं. भीतीदायक आहे की हवाहवासा? उत्तर मी देत नाही, मला स्वतःलाही अजून दोन्ही वाटतं. नंतर 'बसला' काढा आणि 'दिसला' घाला. झाड नुसतं दिसलं तर ते चित्रातलं झाड. पाय टाकून बसलेलं झाड म्हणजे झरीवर पाण्यात पाय सोडून बसलेलं माणूस, ज्याला कुठे जायची घाई नाही. पाचव्या ओळीपासून जी वाट चालत होती ती याच्यापाशी येते, आणि हा हलतसुद्धा नाही. आता चेतनगुणोक्ती हे नाव सांगा.

सहाव्या तासाला मी उलटा प्रवास करते. गट पाडायचे, चौघा-पाचांचे, आणि 'औदुंबर'ला चाल लावायला सांगायची. गायलाच पाहिजे असं नाही, बाकावर ठेका धरून म्हटली तरी चालते, आठ-आठ मात्रांवर ती आपसूक बसते. घुमट वाजवणारा एखादा मुलगा वर्गात असतोच, त्याला घरून घुमट आणू द्या. अट एकच: आवाज कुठे खाली येईल, ठेका कुठे थांबेल, ते आधी ठरवायचं आणि कुठल्या शब्दामुळे ते सांगायचं. एका गटाने 'काळ्या डोहाकडे'नंतर ठेका पूर्ण बंद केला होता आणि शेवटच्या दोन ओळी नुसत्या म्हटल्या. दुसऱ्या गटाने उलट शेवटच्या ओळीलाच ठेका परत आणला, कारण त्यांच्या मते झाड आरामात बसलंय, दुःखात नाही. दोघांनी शब्द दाखवले. दोघांना मी पूर्ण गुण दिले.

काम होतंय की नाही हे वह्यांवरून कळेल. 'कवीला असं म्हणायचं आहे की...' अशी सुरुवात सगळ्या वह्यांत असेल तर मुलं अजून तुमच्या मनातलं उत्तर शोधतायत. 'गोड या शब्दामुळे...', 'पांढरी वाट काळ्याकडे गेल्यामुळे...' अशी वाक्यं दिसू लागली की पायरी चढली समजा. चाळीसच्या वर्गात पहिल्या खेपेला आठ-दहा वह्यांत दिसेल. तेवढं येतं, त्याहून जास्त मला कधी आलं नाही.

एक राहिलंच. नकाशा वहीत झाला की एका गटाला तो फळ्यावर रंगीत खडूंनी काढायला द्या. मी पहिल्यांदा दिला तेव्हा आमच्याकडे जुना काळा फळा होता. मुलांनी हिरवे मळे काढले, निळा झरा काढला, पांढरी वाट वळवत खाली आणली आणि डोहापाशी येऊन अडली. "टीचर, काळा खडू नाही." मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, काढू नको. फळा तसाच सोड."